यूके स्टुडंट व्हिसासाठी बँक स्टेटमेंट: २८ दिवसांचा हिशोब असा लावा

दरवर्षी जून लागला की नात्यातली, सोसायटीतली मुलं कागदांची फाईल घेऊन माझ्याकडे येतात. फाईल जाडजूड असते. सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, फ्लॅटचं व्हॅल्युएशन, एलआयसीच्या पॉलिस्या, एकदा तर आजोबांच्या शेताचा सातबारासुद्धा. यूकेच्या स्टुडंट व्हिसाला यातला एकही कागद लागत नाही. तुमची ऐपत किती, हे त्यांना बघायचंच नसतं. ठराविक रक्कम, ठराविक माणसाच्या खात्यात, सलग २८ दिवस पडून होती का, एवढंच ते तपासतात. नियम कोरडा आहे आणि त्यातच लोक अडकतात. (कॅनडा, जर्मनीचे नियम वेगळे आहेत; ते इथे लावू नका.)

रक्कम काढा

विद्यापीठाकडून मिळणाऱ्या प्रवेशनिश्चितीच्या कागदावर, म्हणजे कॅसवर, लिहिलेली पहिल्या वर्षाची फी, त्यातून भरलेली रक्कम वजा, अधिक राहण्याखाण्याचा खर्च. हा खर्च ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. कोर्स वर्षभराचा असला तरी जास्तीत जास्त नऊच महिने मोजतात. आकडे अधूनमधून वाढतात, म्हणून अर्जाच्या आधी gov.uk वर एकदा बघून घ्या.

उदाहरण घेऊ. लेस्टरला एक वर्षाची मास्टर्स, फी १८,००० पौंड, त्यातले ६,००० भरलेले आणि ते कॅसवर दिसतायत. उरले १२,०००. नऊ महिन्यांचे १०,५३९. एकूण २२,५३९ पौंड. दर ११८ रुपये धरला तर साधारण २६ लाख ६० हजार.

आता इथे एक मेख आहे. पौंडाचा दर पैसे जमा केले त्या दिवसाचा धरत नाहीत, अर्ज केला त्या दिवसाचा धरतात, आणि तो oanda.com वरचा. म्हणजे महिनाभर आधी ठेवलेले २६ लाख ६० हजार पुरेसे होते की नाही, हे अर्जाच्या दिवशी ठरतं. दर १२२ झाला तर हीच रक्कम साडेसत्तावीस लाखांच्या घरात जाते आणि तुमचा मागचा अख्खा महिना वाया. म्हणून मी या मुलांना सरळ २८ लाख ठेवायला सांगतो. "काका, एवढ्यात भागतंय ना?" असं विचारणाऱ्याला माझं उत्तर एकच: भागण्यापुरते ठेवू नका.

पैसे कुणाच्या खात्यात चालतात

विद्यार्थ्याच्या, आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या. लग्न झालेलं असेल तर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या खात्यातलेही चालतात, पण तो किंवा ती सोबतच व्हिसाचा अर्ज करत असेल किंवा आधीच यूकेचा व्हिसा मिळालेला असेल तरच. काका, मामा, आजोबा, मोठा भाऊ यांचे चालत नाहीत, मग त्यांनी कितीही प्रेमाने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तरी. त्यांना मदत करायचीच असेल तर पैसे आधी वडिलांच्या खात्यात येऊ द्या आणि तिथून दिवस मोजायला लागा.

खातं वैयक्तिक हवं. वडिलांच्या दुकानाचं करंट अकाउंट दाखवू नका. ओव्हरड्राफ्टची मर्यादा, शेअर, बाँड मोजत नाहीत. बँकेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण हवं आणि तिचे व्यवहार संगणकावर हवेत. आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्थांमध्ये लोकांच्या ठेवी असतात. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही, त्यामुळे तिथला पैसा या कामाला शून्य. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं, पण व्हिसा अधिकाऱ्याला खातरजमा करता आली नाही तर ते पैसे धरत नाहीत. तालुक्याच्या छोट्या बँकेत रक्कम असेल तर मी ती आधी मोठ्या बँकेत हलवायला लावतो.

२८ दिवस कसे मोजायचे

सगळ्यात जास्त नकार इथे येतात, आणि मलाही हा हिशोब कागदावर तारखा मांडल्याशिवाय नीट कळला नव्हता. तुम्हीही मांडा.

समजा ३ जुलैला शेवटचा आरटीजीएस आला आणि शिल्लक २८ लाखांवर गेली. ३ जुलै हा पहिला दिवस. ३० जुलै हा अठ्ठाविसावा. स्टेटमेंट किमान या दोन्ही तारखा पोटात घेणारं हवं. ३० जुलैच्या शिल्लकेपासून पुढे ३१ दिवसांच्या आत, म्हणजे ३० ऑगस्टपर्यंत, अर्ज झाला पाहिजे. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरली तो दिवस. बोटांचे ठसे द्यायला व्हीएफएसला गेलात त्या दिवसाचा याच्याशी संबंध नाही. मुलं अपॉइंटमेंटची तारीख धरून गणित करतात आणि २५ दिवसांचं स्टेटमेंट घेऊन फी भरून मोकळी होतात. मागाहून तीन दिवस थांबून उपयोग नाही. फी भरली त्या क्षणी २८ पूर्ण असायला हवेत.

या २८ दिवसांत शिल्लक एकदाही लागणाऱ्या रकमेच्या खाली जाता कामा नये. सरासरी वगैरे काही नाही. समजा १९ जुलैला वडिलांनी भावाच्या फीसाठी दीड लाख काढले, शिल्लक साडेसव्वीस लाखांवर आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत भरले. घरच्यांच्या लेखी काही झालंच नाही. व्हिसाच्या लेखी मोजणी २० जुलैपासून पुन्हा सुरू झाली आणि आता अठ्ठाविसावा दिवस १६ ऑगस्टला येतो. सप्टेंबरच्या कोर्ससाठी ही दोन-अडीच आठवड्यांची घसरण जड जाते. सकाळी काढून संध्याकाळी भरले तरी स्टेटमेंटच्या शिल्लक रकान्यात ती खालची ओळ छापली जातेच, तेव्हा तो खेळही खेळू नका. गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, क्रेडिट कार्डचं ऑटोपे त्या खात्याला जोडलेलं असेल तर आधी दुसऱ्या खात्यावर वळवा. सर्वांत बरं म्हणजे या कामापुरतं एक खातं रिकामं करून त्यात पैसे टाका आणि कार्ड कपाटात ठेवा.

आता ऑटो स्वीप. पगारदार माणसाच्या बचत खात्याला बँका ही सोय हमखास लावून देतात: ठराविक रकमेच्या वरचा पैसा आपोआप एफडीत जातो. आमच्याच इमारतीतल्या एका मुलीचं स्टेटमेंट बघायला आलं तेव्हा त्यात २८ लाख आलेले दिसत होते आणि त्याच रात्री २७ लाख ७५ हजार वजा. पुढे सगळीकडे शिल्लक २५ हजार. वडील म्हणत होते, "पैसे आहेत की, ॲपमध्ये दिसतायत!" ॲपमध्ये दिसतात, स्टेटमेंटच्या रकान्यात दिसत नाहीत, आणि अधिकारी तुमचं ॲप उघडणार नाही. त्यांनी शाखेतून स्वीपमधली एफडी आणि बचत खातं दोन्हींची तारीखवार शिल्लक लिहिलेलं पत्र मिळवलं, त्यासाठी मॅनेजरच्या टेबलासमोर बरेच तास घालवले. तुम्ही पैसे टाकण्याआधीच स्वीप बंद करून घ्या. एका अर्जाचं काम आहे.

साधी एफडी चालते, पण हवी तेव्हा मोडता येणारी. लॉक-इन असलेली, करबचतीची पाच वर्षांची एफडी चालत नाही. एफडी दाखवायची तर २८ दिवस होईपर्यंत तिला हात लावू नका. मधेच मोडून बचत खात्यात आणली की दोन खात्यांचे कागद जुळवत बसावं लागतं.

आणखी एक बारकावा, जो एजंट कधीच सांगत नाहीत. आपल्या बँकांचं स्टेटमेंट फक्त झालेल्या व्यवहारांच्या ओळी छापतं. तुम्ही शहाण्यासारखे पैसे ठेवले आणि हात लावला नाही, तर शेवटची ओळ ३ जुलैची. तपासणाऱ्याने तीच शेवटची तारीख धरली तर २८ दिवस कुठून दिसणार? म्हणून ३१ जुलैला त्या खात्यात शंभर रुपये जमा करा. ती ओळ छापली गेली की २८ दिवसांची शिल्लक कागदावर उघड दिसते. मग १ ऑगस्टला स्टेटमेंट काढा.

कागदावर काय दिसलं पाहिजे

खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, स्टेटमेंटची तारीख, बँकेचं नाव व लोगो, आणि शिल्लक. 'आजची शिल्लक इतकी' एवढंच सांगणारं बॅलन्स सर्टिफिकेट एकटं कुचकामी. पत्रच द्यायचं तर त्यात २८ दिवस शिल्लक कितीच्या खाली गेली नाही ते लिहून घ्या. नेटवरून काढलेल्या पीडीएफवर मी तरी प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का आणि सही घ्यायला लावतो. क्लार्क कुरकुरतो, पण देतो.

पीडीएफमधला आकडा 'थोडासा' बदलून देणारे महाभाग शहरात भेटतात. यूकेवाले बँकेकडे चौकशी करतात. खोटा कागद सापडला तर दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी लागू शकते.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची भानगडच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या संस्थेचं, विद्यार्थ्याच्या नावाचं, सहा महिन्यांच्या आतलं मंजुरीपत्र पुरतं. मात्र व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी अट त्यात नको. 'तारण कागदपत्रं पूर्ण झाल्यावर' असं एखादं कलम असेल तर ते पूर्ण करून नवं पत्र घ्या.

आईवडिलांचं खातं असेल तर

स्टेटमेंटबरोबर पालकांचं संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो. नगरपालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. काही जुन्या दाखल्यांत मुलाच्या नावाची जागा कोरी असते, कारण बारशाच्या आधी नोंद झालेली. ते नाव चढवून घ्यायला वेळ जातो, म्हणून दाखला मे महिन्यातच काढून बघा. बँकेत वडिलांचं नाव आद्याक्षरांनी आणि दाखल्यावर पूर्ण असेल तर बँकेच्या पत्रावर पूर्ण नाव घालून घ्या. संमतीपत्रावर खाते क्रमांक स्टेटमेंटवर आहे तसाच उतरवा, पुढच्या शून्यांसकट.