दहा दिवसांच्या यात्रेनंतरचे निरोपाचे दोन शब्द, नवीन टूर लीडरसाठी

मी आर्णीकडच्या एका गावातून बसने काशीयात्रा नेतो. प्रयागराज, अयोध्या, काशी, गया आणि परत, दहा दिवस, 38 माणसं, ड्रायव्हर, क्लिनर, आचारी आणि मी. या लाईनमध्ये नवीन आलेली दोन-तीन पोरं विचारत होती की शेवटी आभाराचं काय बोलायचं. तेवढ्याचंच सांगतो, कारण बुकिंग, रूम, परमिट सगळं कोणीतरी शिकवतं पण हे कोणी शिकवत नाही.

पहिल्या वर्षी मी यवतमाळला पोचल्यावर बोललो. तोपर्यंत देवळीचे सात जण उतरून गेलेले, कळंबचे चौघं उतरलेले, आचारी तर नागपूरलाच उतरला होता, आणि जे बसमध्ये उरले ते वरच्या रॅकवरून पिशव्या ओढत होते, खाली नातेवाईक काचेवर थापा मारत होते. दहा दिवस ज्या माणसाने पहाटे चारला उठून चुलीवर चहा चढवला त्याचं नाव घेतलं तेव्हा तो तिथे नव्हताच. मला ते फार लागलं.

तेव्हापासून मी रामटेकला बोलतो. परतताना जबलपूर-शिवनी करून मनसरला येतो आपण, तिथून रामटेक अगदी जवळ, सकाळी गडावर रामाचं दर्शन करायचं, अयोध्येहून आलेल्या माणसाला ते मनापासून आवडतं, आणि खाली उतरून चहा झाला की गाडीत बसायच्या आधी सगळ्यांना गोल उभं करायचं. इथून पुढे नागपूर, मग वर्धा-देवळी-कळंब, म्हणजे अजून एकही माणूस उतरलेला नसतो, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर नसतो हे पण महत्त्वाचं. चालत्या गाडीत माईकवरून बोललं की मागच्या सीटला ऐकू जात नाही आणि ड्रायव्हरचे आभार त्याच्या पाठीला मानावे लागतात. तुमचा रूट वेगळा असेल तर हिशोब एकच ठेवा, पहिला माणूस उतरायच्या आधीचा शेवटचा हॉल्ट.

सूचना आधी सांगून मोकळं व्हायचं. कारण एकदा आभार सुरू झाले की आज्यांचे डोळे भरतात आणि मग सामानाचं कोणाच्या डोक्यात शिरत नाही. आमच्याकडे मोठी भानगड गंगाजलाच्या कॅनची. सगळ्यांनी घाटावर एकाच दुकानातून घेतलेले, सगळे पांढरे, सगळे पाच लिटरचे. एकदा कळंबच्या काकाजींचा कॅन देवळीला उतरला, मग दोन दिवस फोनाफोनी. आता काशीतच प्रत्येक कॅनच्या दांडीला सीट नंबरची चिठ्ठी सुतळीने बांधतो आणि रामटेकला फक्त एवढंच सांगतो की नंबर बघूनच उचला.

आता काय बोलायचं ते. मी खिशात छोटी वही ठेवतो, सीट नंबर 1 ते 38, आणि रोज रात्री झोपताना ज्याने दिवसभरात काही केलं त्याच्यासमोर एक ओळ लिहितो. काय केलं तेवढंच. आठव्या दिवशी वही उघडायची आणि कोणासमोरची जागा कोरी आहे ते बघायचं, कारण जे हसतात, भजन म्हणतात, भांडतात ते आपोआप लक्षात राहतात, कोरे राहतात ते गप्प बसणारे. मागच्या वेळी 31 नंबर कोरा होता, आर्णीच्या एक वहिनी. नवव्या दिवशी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, बोलता बोलता समोरच्या आजी म्हणाल्या, "अगा, हे पोरगी रोज सकाळी आमच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या बाटल्या भरून आणते." रोज! आणि मला दिसलं नव्हतं, मी पुढे ड्रायव्हरशी रस्त्याचं बोलत बसलेला.

पण 38 नावं वाचू नका. ती हजेरी होते आणि एखादं सुटलं तर तो माणूस वर्षभर विसरत नाही. सगळ्यांसमोर पाच-सहा गोष्टी घ्यायच्या, बाकीच्यांना त्यांची त्यांची ओळ उतरताना दारात, पिशवी हातात देताना सांगायची. आणि कोणाचं दुःख चारचौघात काढायचं नाही. गयेला एक काकाजी तरण्या पोराचं पिंडदान करायला आले होते, विष्णुपदावर खाली बसले ते उठेनात, आणि दोघा अनोळखी माणसांनी त्यांना धरून बसपर्यंत आणलं. त्या दोघांचे आभार मी बाजूला घेऊन मानले, भाषणात शब्द काढला नाही.

मागच्या वेळचं बोलणं जसंच्या तसं देतो:

"राम राम मंडळी. दोन मिनिटं घेतो. पहिले आपले आचारी भाऊ, समोर या. दहा दिवस एकही टाइम शिळं नाई खाऊ घातलं यांनी. ड्रायव्हर भाऊ अन् क्लिनर भाऊ, तुम्हीही या. तुमच्या भरवशावर आम्ही रात्री झोपलो. गयेच्या रस्त्यावर बेल्ट तुटला, पाच तास उन्हात बसा लागलं, जादाचा बेल्ट मी ठेवाले पाहिजे होता, ती चूक माझी, माफी मागतो. त्या पाच तासात देवळीच्या मंडळींनी आपला चिवडा सगळ्या बसमध्ये वाटला, अन् कळंबच्या काकूंनी भजन धरलं, म्हणून तो दिवस निघाला. आर्णीच्या वहिनींनी रोज सकाळी आजींच्या बाटल्या भरल्या, कोणाले सांगितलं नाई, म्हणून मी सांगतो. तुम्ही घरून निघताना तुमच्या पोरांनी मले म्हटलं होतं, आईले सांभाळून आणा. खरं म्हणजे तुम्हीच एकमेकाले सांभाळलं. जय गजानन."

एवढंच. बेल्टचं बघा, पाच तास ज्यांनी भोगले ते सगळे समोर उभे असतात, त्यामुळे ते टाळलं तर बाकीचे आभार पोकळ वाटतात. पण एकदाच म्हणायचं, आणि गॅरेजवाला उशिरा आला, रस्ता खराब होता असलं काही जोडायचं नाही, नाहीतर माफीची सफाई होते आणि लोकांना ते लगेच कळतं.

बक्षिसीचं पाकीट आदल्या रात्रीच्या मुक्कामात फिरवायचं आणि कोणी किती टाकले ते बघायचं नाही. ते रामटेकला काढलं तर आभार पैशासाठी होते असं वाटतं. पुढच्या टूरची जाहिरात आणि कोणाचे बाकी पैसे, हे दोन्हीही तिथे नको, ते आठवड्याने फोनवर.

बोलून झालं की लगेच गाडीत बसा असं ओरडू नका. दहा मिनिटं ठेवा हाताशी. मागच्या वेळी त्या दहा मिनिटांत म्हाताऱ्या आपापल्या बाटल्या घेऊन नळावर गेल्या आणि 31 नंबरच्या वहिनींची बाटली सगळ्यात आधी भरली.