व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कन्नड नोटीस जागच्या जागी मराठीत कशी वाचावी

बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाच्या ग्रुपवर कन्नडमधल्या नोटिसांचे फोटो येतच असतात. समजा, वीज बंद राहणार असल्याची नोटीस आली आहे. अँड्रॉइड फोनवर 'सर्कल टू सर्च' ही स्क्रीनवर दिसणाऱ्या गोष्टी शोधून देणारी गूगलची सोय असेल, तर चॅट न सोडता ती मराठीत वाचता येते.

आधी फोटोवर टॅप करून तो पूर्ण स्क्रीनवर उघडा. नोटीस लांबलचक असेल तर दोन बोटांनी मोठी करा आणि हवा तेवढाच परिच्छेद समोर ठेवा. स्क्रीनवर दिसतं तेवढंच भाषांतरित होतं आणि बारीक अक्षरं नीट ओळखली जात नाहीत, म्हणून ही पायरी टाळू नका.

आता खालचं होम बटण दाबून धरा. तीन बटणं नसतील तर तळाशी जी आडवी पट्टी असते, ती दाबून धरा. स्क्रीन स्थिर होऊन खाली सर्चची पट्टी येईल. तिच्या शेजारच्या भाषांतराच्या चिन्हावर टॅप करा आणि वर येणाऱ्या भाषांच्या नावांत दुसऱ्या जागी मराठी निवडा. कन्नड अक्षरांच्या जागीच मराठी मजकूर दिसू लागेल. इंटरनेट मात्र चालू हवं.

काहीच झालं नाही तर सेटिंग्जमध्ये Circle to Search असं शोधा. सॅमसंगमध्ये हा पर्याय डिस्प्लेच्या आत, नेव्हिगेशन बारमध्ये असतो. तिथे तो बंद असेल तर चालू करा. सापडलाच नाही, तर तुमच्या फोनमध्ये ही सोय नाही असं समजा.

भाषांतर आलं की लगेच पुढे पाठवू नका. विशेषनामांचाही अर्थ लावला जातो, त्यामुळे 'कचेरी गल्ली'चा 'कार्यालय रस्ता' होऊ शकतो, आणि मग आपली गल्ली यादीत आहे की नाही हेच कळत नाही. तक्ता असेल तर एका रकान्यातली वेळ दुसऱ्या भागाच्या नावाला चिकटते. वाक्य मध्येच तुटलं किंवा दोन ओळी एकमेकींत मिसळल्या, की हेच झालंय असं ओळखा. अशा वेळी भाषांतर बंद करून मूळ फोटोतली तारीख, वेळ आणि गल्लीची ओळ पाहा, मग तेवढीच ओळ मोठी करून पुन्हा भाषांतर करा. हाताने लिहिलेल्या किंवा शिक्क्याखाली गेलेल्या अक्षरांवर तर मुळीच विसंबू नका, ती कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याला दाखवा.

फॉर्मच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. स्क्रीनवरचं चित्र भाषांतरासाठी गूगलकडे जातं. भरलेल्या फॉर्मवर आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक असेल, तर तो भाग स्क्रीनबाहेर जाईल इतका फोटो सरकवा आणि मगच होम बटण दाबून धरा.