अर्धा चेहरा निळा, अर्धा केशरी: फोटोत केसांचा रंग बदलण्याआधी हे करा

घरात काढलेला फोटो, डाव्या गालावर खिडकीचा उजेड आणि उजव्यावर पिवळा बल्ब. केस बरगंडी करायला गेलो तर डावीकडे जांभळे, उजवीकडे विटकरी. ऑटो व्हाइट बॅलन्स केलं, पूर्ण फोटोचं टेम्परेचर कमी केलं, तर पिवळा गेला पण डावा गाल अजूनच निळा झाला. दोन संध्याकाळी यातच गेल्या, खूप वैताग आला.

शेवटी जमलं ते असं. रॉ फाइल उघडून आधी फक्त खिडकीचा उजेड धरला, आयड्रॉपरने राखाडी शर्टच्या डाव्या कॉलरवर क्लिक केलं. उजवी बाजू जास्तच केशरी दिसते, दिसू द्या. मग त्या बाजूच्या गालावर, केसांवर आणि कपड्यांवर मऊ कडेच्या मोठ्या ब्रशने एकच मास्क केला आणि त्यातच टेम्परेचर निळ्याकडे नेत राहिलो, उजव्या कॉलरचे लाल-हिरवा-निळा आकडे जवळपास सारखे येईपर्यंत. हिरवट झाक उरली तर टिंट थोडा मॅजेंटाकडे. डोळ्यावर विसंबू नका, कॉलरचे आकडेच बघा. नाकावर दोन्ही उजेड मिसळतात, तिथे मास्क हलक्या हाताने पुसला.

त्यानंतरच केसांचा रंग टाकला, दोन्हीकडे सारखा बसला. जेपेगमध्ये मात्र बल्बच्या बाजूचा निळा चॅनल शून्याला टेकला असेल तर हे पूर्ण सुटत नाही.