व्हीपीएन लावून मेल पाठवताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आगेमागे कापसाची आवक वाढली की आमच्याकडे जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले आणि शेतकरी कंपन्यांचे हिशोबनीस यांचे फोन सुरू होतात. तक्रार एकच असते, "भाऊ, मेल जाऊन राहिली, पण समोरच्याले भेटून नाही राहिली." संगणकावर व्हीपीएन लावलाय का, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर 'हो' येतं. मग माझी विनंती असते की आता काहीही बदलू नका, आधी मेल बाहेर कुठून पडते ते बघू. इथेच लोकांचा धीर सुटतो. त्यांना दोन मिनिटांत चालणारी युक्ती हवी असते, आणि त्या युक्त्यांनीच प्रकरण चिघळतं.

मेल बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत. ब्राउझरमध्ये जीमेल उघडून पाठवलेली मेल गूगलच्या सर्व्हरवरून निघते. घेणाऱ्याला तुमचा व्हीपीएन दिसतच नाही, त्यामुळे ती स्पॅममध्ये गेली तर कारण दुसरीकडे शोधा. दुसऱ्या मार्गात आउटलुकसारखा प्रोग्राम किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर युजरनेम-पासवर्ड देऊन तुमच्या मेल कंपनीच्या सर्व्हरला ५८७ किंवा ४६५ पोर्टवर जोडतं, आणि पुढे ती कंपनी मेल पोचवते. इथे घेणारा मुख्यतः त्या कंपनीचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, तोलतो. तिसऱ्या मार्गात सॉफ्टवेअर मधल्या कोणालाही न विचारता थेट घेणाऱ्याच्या सर्व्हरच्या २५ नंबरच्या पोर्टवर जाऊन धडकतं. या तिसऱ्या प्रकारात व्हीपीएनचा बाहेरचा पत्ता हीच तुमची ओळख ठरते, आणि ती ओळख जवळजवळ नेहमीच वाईट असते.

सगळ्यात मोठी चूक: व्हीपीएनमधून थेट पाठवणं

वणी तालुक्यातल्या एका जिनिंगचं उदाहरण सांगतो. रुईच्या गाठी कोइंबतूरकडच्या सूतगिरणीला जायच्या. बिल आणि गाठींच्या वजनाची यादी सॉफ्टवेअर आपोआप मेल करायचं. इंटरनेट सिमकार्डवाल्या राउटरचं होतं. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने मेलच्या सेटिंगमध्ये 'थेट पाठवा' निवडून ठेवलं होतं, कारण त्यात पासवर्ड भरावा लागत नाही. मेल परत येऊ लागली तेव्हा ऑपरेटर पोराने एक फुकटचा व्हीपीएन टाकला. मेल परत येणं कमी झालं आणि सगळ्यांना वाटलं काम फत्ते. दोन आठवड्यांनी गिरणीचा फोन आला की गाड्या आल्या, पण बिलं कुठे आहेत? बिलं तिकडे स्पॅममध्ये पडली होती, आणि काही सर्व्हरांनी तर दारातूनच परत पाठवली होती. परत आलेल्या मेलमध्ये साधारण अशी ओळ होती (पत्ता बदललाय):

```
554 5.7.1 Service unavailable; Client host [203.0.113.45]
blocked using zen.spamhaus.org
```

ही ओळ कोणी वाचलीच नव्हती. 'इंग्रजीत काहीतरी येते भाऊ' म्हणून पोरगा ती पुसून टाकायचा. माझं पहिलं सांगणं हेच की परत आलेली मेल पुसू नका. अडलं कुठे, हे त्यातच लिहिलेलं असतं.

स्पॅमहाउस ही संस्था वाईट पत्त्यांच्या याद्या ठेवते आणि जगभरचे मेल सर्व्हर मेल घेण्याआधी त्या तपासतात. पत्ता विचारला की यादी एका आकड्यात उत्तर देते, आणि तो आकडा कारण सांगतो. व्हीपीएन चालू असताना त्या पत्त्याला 127.0.0.3 मिळालं. म्हणजे या पत्त्यावरून स्पॅमसारखी मेल सुटताना दिसली आहे. ती जिनिंगने पाठवलेली नव्हती. एकाच पत्त्यावरून शेकडो अनोळखी लोक बाहेर पडत असतात, त्यातल्या कोणाची तरी ती करामत. बरेच व्हीपीएनवाले याच कारणासाठी २५ पोर्ट बंद ठेवतात. तिथे मेल नाकारली जात नाही, नुसती 'टाइम आउट' होते. ज्या फुकट्या व्हीपीएनने तो उघडा ठेवलाय तिथे स्पॅमवाले आधीच पोचलेले असतात. २५ पोर्ट चालतोय म्हणून तो व्हीपीएन चांगला, हा हिशोब उलटा आहे.

मग व्हीपीएन बंद करून तपासलं तर राउटरच्या पत्त्याला 127.0.0.11 मिळालं. ही पीबीएल नावाची यादी. तिच्यात आरोप काही नसतो. घरगुती आणि मोबाईल जोडणीच्या पत्त्यांवरून कोणी थेट मेल पाठवू नये, एवढंच ती सांगते. म्हणजे व्हीपीएन लावला तरी अडणार आणि काढला तरी अडणार. ज्यांना वाटतं की व्हीपीएन बंद केला की सगळं ठीक होईल, त्यांनी हे नीट समजून घ्यावं. दोष थेट पाठवण्याचा आहे, व्हीपीएन त्यात फक्त भर घालतो.

थेट पाठवताना अजून एक अडचण उभी राहते. घेणारा सर्व्हर पत्त्यावरून उलटं नाव शोधतो. व्हीपीएनच्या पत्त्याचं नाव व्हीपीएन कंपनीचं किंवा तिच्या डेटा सेंटरचं असतं, आणि तुमचं सॉफ्टवेअर मात्र 'मी अमुक जिनिंगचा सर्व्हर' म्हणून ओळख सांगतं. काही पत्त्यांना उलटं नावच नसतं. जीमेलने तर फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी ही उलट्या नावाची अट स्पष्ट लिहून ठेवली आहे. ते नाव पत्त्याचा मालकच लावू शकतो, म्हणजे व्हीपीएनवर तुमच्या हातात काहीच नसतं.

यादी तपासताना लोक हमखास एक घोळ घालतात. पत्ता उलटा लिहून असं विचारता येतं:

```
dig +short 45.113.0.203.zen.spamhaus.org
```

उत्तर 127.255.255.254 आलं तर पत्ता यादीत आहे असं समजू नका. तुम्ही नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलंत, म्हणून स्पॅमहाउसने उत्तर नाकारलं, एवढाच त्याचा अर्थ. व्हीपीएन चालू असताना हे सहज होतं. मी सरळ त्यांच्या check.spamhaus.org वर पत्ता टाकतो.

दुसरी चूक, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते: एसपीएफमध्ये व्हीपीएनचा पत्ता घालणं

त्याच जिनिंगच्या पोराने कुठेतरी वाचलं की एसपीएफ नापास झालं की मेल स्पॅममध्ये जाते. वाचलं ते बरोबर होतं. आमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या पत्त्यांना आहे, ते एसपीएफच्या नोंदीत लिहिलेलं असतं. पण त्याने काय केलं? व्हीपीएनचा पत्ताच नोंदीत घातला:

```
v=spf1 ip4:203.0.113.45 include:_spf.example.com ~all
```

तपासणीत एसपीएफ पास दिसू लागलं आणि तो खूश झाला. पण त्या पत्त्यावरून जो कोणी बाहेर पडेल, त्या प्रत्येकाला जिनिंगच्या नावाने बिल पाठवायचा परवानाच त्याने देऊन टाकला. उद्या एखाद्याने त्याच व्हीपीएनवर बसून गिरणीला 'आमचं बँक खातं बदललं आहे' अशी मेल टाकली, तर एसपीएफ पास होईल आणि त्याच्या जोरावर पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे का ते बघणारी डीमार्क तपासणीही पास होईल. लाखोंच्या रुईचे पैसे ज्या मेलच्या भरवशावर फिरतात तिथे हा खेळ परवडत नाही. शिवाय स्पॅमहाउसच्या यादीतून तो पत्ता हलला नाही तो नाहीच. व्हीपीएनने पत्ता बदलला की पुन्हा नापास, मग पोरगा अजून एक पत्ता घालणार. शेवटी काही जण वैतागून नोंदीच्या टोकाला `+all` लिहितात, म्हणजे सगळ्या जगालाच मोकळं रान. असं लिहिलेलं दिसलं की मी बाकीचं काम थांबवून आधी ते पुसतो.

मी काय करतो

सॉफ्टवेअरमधलं 'थेट पाठवा' काढून टाकतो. ज्या कंपनीकडे डोमेनची मेल आहे तिचा सर्व्हर, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस, युजरनेम म्हणून पूर्ण मेल आयडी आणि पासवर्ड असं भरतो. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर सॉफ्टवेअरसाठी वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. एसपीएफमध्ये फक्त त्या मेल कंपनीचा `include` ठेवतो. मग त्या कंपनीच्या पॅनेलमधून डीकिम, म्हणजे प्रत्येक मेलवर डोमेनची सही, चालू करून त्याची नोंद डीएनएसमध्ये टाकतो. डीकिमची सही पत्त्यावर अवलंबून नसते, म्हणून माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे. एवढं झालं की व्हीपीएन चालू ठेवला तरी चालतो.

मग एक मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवून, उघडलेल्या मेलच्या तीन टिंबांत `Show original` बघतो. तिथे `SPF: PASS` च्या पुढे पत्ता लिहिलेला असतो. तो मेल कंपनीचा असायला हवा. व्हीपीएनचा दिसला तर मेल अजून थेटच जातेय, सेटिंग जतन झालेलं नाही. खालच्या `Received` ओळींमध्ये तुमच्या संगणकाकडून मेल कंपनीने घेतल्याची नोंद शोधा. तिथे बहुधा `ESMTPSA` लिहिलेलं असतं. शेवटचा `A` पासवर्ड देऊन पाठवल्याची खूण. व्हीपीएनचा पत्ता त्या ओळीत दिसला तर घाबरू नका, त्याची तिथली जागा बरोबर आहे.

डीएनएसची नोंद बदलली की लोक पाच मिनिटांनी बघतात, जुनंच दिसतं म्हणून पुन्हा काहीतरी बदलतात. नोंदीचा टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर जपून ठेवायची मुदत, ३६०० सेकंद असेल तर तासभर जुनं उत्तर फिरत राहतं. चहा घ्या, बसा.

ज्यांचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे त्यांच्यासाठी

एका शेतकरी कंपनीचा सर्व्हर नागपुरात भाड्याने घेतलेला होता. वाशीमच्या कार्यालयातली मुलगी व्हीपीएन लावून पासवर्डसकट मेल पाठवायची, आणि त्यांचाच सर्व्हर तिला 554 म्हणून हाकलायचा. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पॅमहाउसची तपासणी आधी आणि पासवर्डवाल्यांना परवानगी नंतर, असा क्रम लागला होता. परवानगी आधी हवी:

```
smtpd_client_restrictions = permit_mynetworks,
    permit_sasl_authenticated,
    reject_rbl_client zen.spamhaus.org
```

आणि बाकीच्या चुका

व्हीपीएनच्या पत्त्यासाठी स्पॅमहाउसला 'यादीतून काढा' असा अर्ज करू नका. पत्ता तुमचा नाही, आणि आज निघाला तरी दुसरा कोणी उद्या परत तिथे नेऊन बसवेल.

मुंबईऐवजी सिंगापूर निवडून काही होत नाही. तिकडच्या पत्त्यावरही तीच गर्दी असते.

पासवर्ड बरोबर असून लॉगिनच होत नसेल तर ते स्पॅमचं प्रकरण नाही. त्याच पत्त्यावरून कोणीतरी चुकीचे पासवर्ड मारत बसलं असेल आणि तुमच्या होस्टिंगने तो पत्ता तात्पुरता बंद केला असेल. व्हीपीएन काढून एकदा प्रयत्न केला की लगेच कळतं.

सगळं दुरुस्त झाल्यावर तुंबलेली सगळी बिलं एका दमात सोडू नका. वणीच्या जिनिंगला मी आधी एकच बिल पाठवायला लावलं आणि गिरणीच्या हिशोबनीसाला फोन करून ते स्पॅममधून 'नॉट स्पॅम' म्हणून बाहेर काढायला आणि त्यालाच उत्तर द्यायला सांगितलं. पुढची बिलं थोडी थोडी करत आठवडाभरात गेली, आणि ती थेट इनबॉक्समध्ये उतरली.