रेकॉर्डचा डुलणारा सूर सरळ करताना

जुन्या रेकॉर्डच्या डिजिटायझेशनच्या कामात नव्याने येणारे ‘वॉव’, म्हणजे सुराचा सावकाश हेलकावा, ऐकलं की थेट सॉफ्टवेअर उघडतात. मी आधी स्टॉपवॉच काढतो. ३३⅓ आरपीएमच्या रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. सुराचा हेलकावा बरोबर तेवढ्याच अंतराने येत असेल, तर बहुतेक वेळा दोष मधल्या भोकात असतो. भोक केंद्रापासून जरा सरकलेलं असतं, त्यामुळे सुई फिरण्याच्या केंद्रापासून कधी जवळ, कधी लांब असते. ती लांब असताना खाच तिच्याखालून वेगाने सरकते आणि सूर चढतो, जवळ आली की उतरतो. रेकॉर्ड हाताशी असेल तर फिरताना सुई धरणाऱ्या टोनआर्मकडे बघा, तो दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलताना दिसेल.

अशा वेळी खरा उपाय म्हणजे रेकॉर्ड नीट मध्यावर बसवून पुन्हा ट्रान्सफर घेणं. स्पिंडल काढता येणारं टर्नटेबल असेल तर हे सोपं जातं. सॉफ्टवेअरकडे वळायचं ते मूळ रेकॉर्ड मिळण्यासारखी नसेल तेव्हा.

माझ्याकडे आलेली एक पियानोची फाइल अशीच होती. रेकॉर्ड परत गेलेली, हातात फक्त वेव्ह फाइल. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणती कंपनं आहेत ते दाखवणारं चित्र, लावला, एका वेळी मोजायचा तुकडा म्हणजे विंडो ८१९२ सॅम्पलची ठेवली आणि एक लांबलेला स्वर शोधला. स्वर ४४० हर्ट्झचा, पण मी बघत होतो त्याचा चौथा हार्मोनिक, म्हणजे चौपट कंपनांचा, १७६० हर्ट्झचा. वर जावं तसा तोच टक्का जास्त हर्ट्झमध्ये पसरतो, म्हणून लाट स्पष्ट दिसते. ती वर १७६९ पर्यंत जात होती, खाली १७५१ पर्यंत. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा टक्का. त्या जागी खाचेची त्रिज्या साधारण १०० मिलिमीटर धरली, तर भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं. एवढंसंच, पण पियानोच्या लांब स्वरात ते कानाला खुपतं.

दुरुस्तीला पिच बदलणारा इफेक्ट वापरू नका. तो लांबी तशीच ठेवून सूर हलवतो. इथे सूर आणि वेळ दोन्ही एकत्र बिघडलेत, म्हणून वेगातला बदलच उलट्या बाजूने भरून काढावा लागतो, म्हणजे रीसॅम्पलिंग. `pyrespeeder` हे मोफत टूल तेच करतं: स्पेक्ट्रोग्रामवर हार्मोनिकची रेष पकडायची, तिच्या वळणांवरून ते फाइल रीसॅम्पल करतं. सेलेमनीचं कॅपस्टन नावाचं सॉफ्टवेअर आणि आयझोटोप आरएक्समधलं मॉड्यूल वळणं स्वतः शोधतात. पण गाण्यातली मींड किंवा व्हायब्रेटो त्यांना दोष वाटू शकतो, म्हणून निकाल कानाने तपासायचाच.

हेलकावा नियमित दिसला की एकच साइन वक्र बनवून पूर्ण बाजूवर लावायचा मोह होतो. इथेच काम फसतं. टर्नटेबलचा वेग ०.१ टक्क्याने जरी वेगळा असला, तरी १० मिनिटांत साधारण ३३३ फेऱ्यांमागे एक तृतीयांश फेऱ्याचा फरक पडतो. तेव्हा वक्र चुकीच्या जागी दाबायला लागतो आणि उरलेला हेलकावा मूळ हेलकाव्यापेक्षाही मोठा होतो. सुरुवात छान, शेवट आधीपेक्षा वाईट, असं ऐकू आलं तर हेच झालंय समजा. शिवाय आतल्या खाचांकडे, ६० मिलिमीटरच्या आसपास, तोच अर्धा मिलिमीटर ०.८ टक्क्यांवर जातो. म्हणून मी गाण्यागाण्याला, लांब असेल तर दर मिनिटाला, लांब स्वर शोधून रेष नव्याने पकडतो. मधल्या तुटक जागांत साइन चालतो. स्टीरिओ फाइलचे दोन्ही चॅनेल एकाच वक्राने हलले पाहिजेत, नाहीतर आवाजाची जागा डळमळते.

पकडायला सोपी म्हणून घरघरीची रेष घेऊ नका. वॉव असलेल्या फाइलमध्ये ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर ताठ सरळ दिसत असेल, तर ती तुमच्या वायरिंगमधून आलेली आहे. ती आधी काढून टाका, नाहीतर दुरुस्तीनंतर तीच डुलायला लागते. घरघरही संगीताबरोबर त्याच टक्क्याने डुलत असेल, तर ती मूळ रेकॉर्डिंगमधली, आणि मग तिच्याइतका चांगला संदर्भ दुसरा नाही.

कॅसेटचं फ्लटर, म्हणजे सुराची जलद थरथर, मात्र वेगळं प्रकरण आहे. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. टेप ओढणारा दांडा म्हणजे कॅपस्टन २ मिलिमीटर जाडीचा असेल तर तो सेकंदाला साडेसात फेरे घेतो. एका थरथरीला १३० मिलिसेकंद, आणि सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या फाइलमध्ये ८१९२ ची विंडोच १८६ मिलिसेकंदांची! त्यात थरथर सपाट होऊन जाते. रेष सरळ दिसते आणि आवाज मात्र खरखरीत राहतो. विंडो २०४८ वर आणून आणखी वरचा हार्मोनिक पकडला तर काही हाती लागतं, पण कॅसेटवर वरचे हार्मोनिक टेपच्या खरखरीत बुडालेले असतात. तिथे मी सॉफ्टवेअर बंद करतो, टेप दाबून धरणारा पिंच रोलर आणि कॅपस्टन स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो, रोलर कडक झाला असेल तर बदलतो आणि कॅसेट पुन्हा लावतो.