काय-स्क्वेअर टेस्ट करताना या चुका टाळा : १२० कास्तकार आणि १७१ खुणा

"सर, फॉर्म १२० भरले, पण तक्त्याची बेरीज १७१ येते. कुठं चुकलं?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी समाजशास्त्राचे प्रकल्प तपासतो. दरवर्षी मार्चच्या आसपास हा प्रश्न कोणी ना कोणी घेऊन येतंच. ही मुलगी निदान बेरीज करून आली होती. बाकीचे तर टेस्ट लावून, पी व्हॅल्यू छापून मोकळे होतात.

तिचा विषय चांगला होता. जमीन किती यावर खरिपाचा पैसा कुठून येतो हे अवलंबून असतं का? फॉर्मवर प्रश्न होता : 'पेरणीसाठी पैसा कुठून आणला? लागू असेल तिथे खूण करा.' आता आपल्याकडं बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर, मजुरीपुरते सोसायटीचे आणि मधेच नड आली की सावकाराचे, असं एकाच घरात चालतं. त्यामुळं एकेका माणसानं दोन-दोन खुणा केल्या आणि त्या सगळ्या एकाच तक्त्यात मोजल्या गेल्या.

काय-स्क्वेअर टेस्ट तक्त्यातल्या संख्यांवरून दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे तपासते. तिची पहिली अट इथंच मोडते. एक माणूस तक्त्याच्या एकाच घरात बसला पाहिजे. १७१ खुणा म्हणजे १७१ माणसं नव्हेत, पण सॉफ्टवेअरला ते कळत नाही. ते निमूटपणे उत्तर देतं. म्हणून टेस्टच्या आधी एकच गोष्ट बघायची : उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातला आकडा फॉर्मच्या संख्येइतका आहे का?

फॉर्म भरून झाले असतील तर दोन वाटा. प्रत्येक स्रोताचा वेगळा 'घेतले / नाही घेतले' असा तक्ता करून तीन वेगळ्या टेस्ट लावायच्या आणि मग संबंध मानायला पी व्हॅल्यू नेहमीच्या ०.०५ ऐवजी ०.०५ भागिले ३, म्हणजे साधारण ०.०१७ च्या खाली हवी, ही कसोटी धरायची. किंवा परत जाऊन 'सर्वांत जास्त रक्कम कुठून आली?' एवढंच विचारायचं. गाव जवळचं होतं, मुलगी परत गेली. मग तक्ता असा झाला (आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी थोडे बेतले आहेत) :

| जमीन | बँक / सोसायटी | सावकार | कृषी केंद्राची उधारी | एकूण |
|---|---|---|---|---|
| ५ एकरांपर्यंत | ३२ | २० | २८ | ८० |
| ५ एकरांच्या वर | २८ | ४ | ८ | ४० |
| एकूण | ६० | २४ | ३६ | १२० |

भूमिहीन मजुरांना या तक्त्यात घेतलं नाही, आणि ते मुद्दाम. सातबारा नसलेल्याला पीककर्ज सहसा मिळतच नाही. त्यांची ओळ घातली असती तर बँकेच्या घरात जवळजवळ शून्य आला असता आणि टेस्टनं मोठ्या थाटात 'संबंध आहे' असं सांगितलं असतं. तो नियमातूनच आलेला संबंध. त्यासाठी गावोगाव फिरायची गरज नव्हती.

आता अपेक्षित संख्या. जमिनीचा आणि कर्जाचा काहीच संबंध नसता तर प्रत्येक घरात किती माणसं आली असती, ती ही संख्या. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण. पहिलं घर : ८० × ६० ÷ १२० = ४०. प्रत्यक्षात ३२ आले, म्हणजे ८ कमी. त्याचा वर्ग ६४, भागिले ४०, झाले १.६. अशी सहाही घरं केली की १.६, १, ०.६७, ३.२, २ आणि १.३३ येतात. बेरीज ९.८. डिग्री ऑफ फ्रीडम (ओळी उणे १) × (स्तंभ उणे १), म्हणजे १ × २ = २. एकदा तरी हे वहीत करा. पुढं निकालाचा अर्थ लावताना याच सहा आकड्यांकडं परत यावं लागतं.

एक्सेलमध्ये वरचा तक्ता A1 पासून E4 पर्यंत असेल, तर पहिलं सूत्र B7 मध्ये लिहून D8 पर्यंत ओढायचं, दुसरं कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये :

```
=$E2*B$4/$E$4
=CHISQ.TEST(B2:D3,B7:D8)
```

उत्तर येतं ०.००७४. ही पी व्हॅल्यू आहे. बरेच जण हाच आकडा 'काय-स्क्वेअर = ०.००७४' म्हणून प्रबंधात उतरवतात. काय-स्क्वेअर ९.८ आहे, आणि हे सूत्र तो दाखवत नाही.

याहून घातकी चूक म्हणजे 'एकूण'ची ओळ आणि स्तंभही निवडीत ओढून घेणं. गंमत अशी की काय-स्क्वेअर ९.८च राहतो, कारण बेरजांच्या घरात फरक शून्य असतो. पण कॉम्प्युटर तक्ता तीन ओळींचा आणि चार स्तंभांचा समजतो. डिग्री ऑफ फ्रीडम २ ऐवजी ६ होते आणि पी ०.१३ वर जाते. असलेला संबंध नसलेला ठरतो. संख्येऐवजी टक्के घातले तर उलटं होतं. ओळींचे टक्के (४०, २५, ३५ आणि ७०, १०, २०) भरले की काय-स्क्वेअर १८.७ येतो, कारण टेस्टला वाटतं दोन्हीकडं शंभर-शंभर माणसं आहेत. टक्के वाचकाला दाखवायचे, टेस्टला नाही.

"सर, एका घरात ४ च आहेत. पाचच्या खाली चालत नाही ना?" हाही नेहमीचा प्रश्न. चालतं. पाचची अट अपेक्षित संख्येला आहे, प्रत्यक्ष आलेल्या संख्येला नाही. त्या घरात अपेक्षित ८ आहे, आणि तीच सगळ्यांत लहान. एसपीएसएस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपेत हेच लिहिलेलं असतं, ती टीप वाचा. साधारण दंडक असा, की अपेक्षित संख्या पाचच्या खाली असलेली घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांहून जास्त नकोत आणि एकही १ च्या खाली नको. जमिनीचे पाच गट आणि कर्जाचे सहा स्रोत केले असते तर ३० घरं झाली असती. १२० माणसांत सरासरी अपेक्षित ४. तिथं गडबड पक्की होती. मग गट एकत्र करावे लागतात, पण ते अर्थाला धरून आणि पी बघायच्या आधी. बँक आणि सोसायटी एकत्र येऊ शकतात. आकडा जमतो म्हणून सावकार आणि सोसायटी एकत्र करता येत नाहीत.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती तक्त्यात न दिसणाऱ्या चुकीची. १२० जण कोण होते? समजा ६० घरांत जाऊन नवरा आणि बायको दोघांनाही विचारलं. वावर एक, कर्ज एक, उत्तरही बहुधा एकच. म्हणजे माहिती ६० घरांचीच आहे, ती दोनदा मोजली गेली. तक्त्यातला प्रत्येक आकडा निम्मा केला की काय-स्क्वेअरही निम्मा होतो : ४.९, आणि पी ०.०८६. जो निकाल ठणठणीत वाटत होता तो ०.०५ च्या पलीकडं गेला. टेस्ट हे ओळखू शकत नाही. तुमच्या फॉर्मवर घर क्रमांक असेल तरच तुम्हाला ओळखता येईल. कर्जासारखा प्रश्न असेल तर घरटी एकच फॉर्म घ्यावा. आमच्या मुलीनं तसाच घेतला होता.

आता निकाल काय म्हणतो? पी ०.००७ चा अर्थ 'संबंध असण्याची खात्री ९९.३ टक्के' असा नाही. जमिनीचा आणि कर्जाच्या स्रोताचा संबंध मुळात नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं हजारात सातेक वेळा दिसला असता, एवढंच.

मुलीनं निष्कर्ष आधीच लिहून आणला होता : 'लहान शेतकरी सावकाराच्या विळख्यात आहेत, हे काय-स्क्वेअर टेस्टने सिद्ध झाले.' वाक्य वाचायला बरं, पण टेस्टनं ते सांगितलेलं नाही. पूर्ण तक्त्याची टेस्ट फक्त 'कुठं तरी फरक आहे' म्हणते. कुठं, ते बघायला समायोजित अवशेष काढावे लागतात, म्हणजे प्रत्येक घरातला प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येचा फरक एकाच मापात आणायचा. B11 मध्ये हे लिहून D12 पर्यंत ओढा :

```
=(B2-B7)/SQRT(B7*(1-$E2/$E$4)*(1-B$4/$E$4))
```

५ एकरांच्या वरच्या ओळीत बँकेला ३.१० येतात, सावकाराला उणे १.९४ आणि उधारीला उणे १.६९. पहिल्या ओळीत तेच आकडे, चिन्हं उलटी. १.९६ च्या पलीकडं गेला तर त्या घराची दखल घ्यायची. गेला फक्त बँकेचा स्तंभ. वहीतल्या त्या सहा आकड्यांतही सगळ्यांत मोठा ३.२ बँकेचाच होता. ५ एकरांच्या वरचे ७० टक्के लोक बँक-सोसायटीकडून पैसा घेतात, खालचे ४० टक्के. सावकाराकडं २५ आणि १० टक्के असा फरक दिसतो, पण तो २० आणि ४ माणसांवर उभा आहे. त्याची हमी हा नमुना देत नाही.

शिवाय सावकाराचा आकडा मुळातच कच्चा असतो. एक आजोबा तिला म्हणाले होते, "सावकार काहून म्हणता बाई, गावचाच मानूस हाये थो." असं उत्तर 'इतर'मध्ये टाकायचं की 'सावकार'मध्ये, हे पहिल्या दिवशी ठरवून लिहून ठेवलं नाही तर पन्नासाव्या फॉर्मपर्यंत नियम बदललेला असतो. आणि उधारीचा प्रश्न कृषी केंद्राच्या ओट्यावर, दुकानदारासमोर विचारलात तर त्या स्तंभाचं काही खरं नाही.

संबंध किती घट्ट आहे हे पी सांगत नाही. त्यासाठी क्रेमरचा व्ही : ९.८ भागिले १२०, त्याचं वर्गमूळ, ०.२९. मध्यम म्हणता येईल. आणि संबंध आहे म्हणजे जमीन हेच कारण, असंही नाही. सातबारा अजून वडिलांच्या नावावर असेल, जुनं कर्ज थकलेलं असेल, तरी बँकेचं दार बंदच असतं. हे दोन प्रश्न तिच्या फॉर्मवर नव्हते.

शेवटी प्रबंधात गेलं ते असं : 'जमीनधारणा आणि खरिपाच्या पैशाचा मुख्य स्रोत यांच्यात सांख्यिकीय संबंध आढळला (काय-स्क्वेअर = ९.८, डिग्री ऑफ फ्रीडम = २, एकूण = १२०, पी = ०.००७, क्रेमरचा व्ही = ०.२९). फरक मुख्यतः बँक-सोसायटीच्या कर्जात आहे. सावकारी कर्जातला फरक त्याच दिशेचा असला तरी या नमुन्यात पुरेसा स्पष्ट नाही.' 'विळखा' तिनं स्वतःच खोडला, जरा नाराजीनं.