इटालियन राजीनाम्यातील तारखेची दुरुस्ती

इटलीतील छोट्या कारखान्यातून अधिक चांगल्या नोकरीसाठी निघताना मी मालकांना इटालियनमध्ये पत्र दिले: ‘रास्सेन्यो ले मिए दिमिस्योनी’, म्हणजे मी राजीनामा देत आहे, शेवटचा दिवस ३१ मे. त्यांनी ते आपुलकीने स्वीकारले, परंतु २०१६ पासून तेथे केवळ कागदी पत्र पुरत नाही. राजीनामा श्रम मंत्रालयाच्या ऑनलाइन प्रणालीतूनच भरावा लागतो. तेथील ‘देकोर्रेन्त्सा’, म्हणजे राजीनामा लागू होण्याची तारीख, या रकान्यात मी ३१ मे लिहिले. वास्तविक नोकरी नसलेला पहिला दिवस, म्हणजे १ जून, लिहायला हवा होता. त्यामुळे नोटिशीचा एक दिवस कमी पडून तेवढी रक्कम कापली जाण्याची मला फार काळजी वाटली. सात दिवसांच्या आत राजीनामा मागे घेता येत असल्याने मी तिसऱ्याच दिवशी तो रद्द करून नव्याने भरला आणि पत्रातही दोन्ही तारखा स्वतंत्रपणे लिहिल्या.